ऑरेगॅनो आणि सॉसची टाकी: फूड फ्रॉड-फूड डिफेन्सच्या प्रश्नात गुण कुठे जातात

प्रश्न: फूड सेफ्टीच्या लेव्हल फोरच्या पेपरात फूड फ्रॉड आणि फूड डिफेन्सवर केस येते. हॅसपमध्ये, म्हणजे प्रक्रियेतल्या धोक्यांच्या विश्लेषणात आणि नियंत्रणात, मला चांगले गुण पडतात, पण या प्रश्नात दोन्ही वेळा निम्म्याच्या खाली. तक्ता काढला, शक्यता गुणिले तीव्रता केलं, उपायही भरपूर लिहिले. परीक्षकाला हवं तरी काय असतं? एखादी केस सोडवून दाखवाल का?

उत्तर:

हॅसप चांगलं येतं, आणि बहुधा म्हणूनच इथे गुण जातात. हॅसपमधल्या धोक्याला मन नसतं. साल्मोनेला तुमचं स्पेसिफिकेशन वाचत नाही, धातूचा तुकडा मेटल डिटेक्टरला टाळायचा बेत करत नाही. या प्रश्नात मात्र समोर माणूस आहे. तुम्ही काय तपासता, केव्हा तपासता, कुठे बघत नाही, हे त्याला ठाऊक आहे. मागच्या पाच वर्षांत काही सापडलं नाही म्हणून शक्यता कमी, हे वाक्य हॅसपमध्ये चालून जातं. इथे त्यावर मी लाल रेघ मारते.

दुसरी गोष्ट, माणसं दोन आहेत आणि दोघांचे हेतू उलटे आहेत. फ्रॉड करणाऱ्याला पैसे हवेत. त्याला पकडलं जायचं नाही, कोणी आजारी पडायला नको आहे, आणि पुढच्या महिन्यातही तुम्ही त्याच्याकडूनच माल घ्यावा अशी त्याची इच्छा आहे. डिफेन्समधल्या हल्लेखोराला इजाच करायची आहे. नंतर कळलं तरी त्याचं बिघडत नाही, कधी कधी ते कळावं हाच हेतू असतो. म्हणून फ्रॉडचं मूल्यांकन ‘हा घटक, या पुरवठासाखळीतून’ असं करायचं आणि डिफेन्सचं मूल्यांकन ‘ही प्रक्रियेची पायरी’ असं. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबलेले पेपर माझ्याकडे ढिगाने येतात. त्यातला ‘तीव्रता’ हा रकानाच दोन्ही उत्तरं बिघडवतो. कसं ते पुढे दाखवते.

त्याआधी शब्दांचा एक सापळा. प्रश्नात कोणती चौकट दिली आहे ते पहिल्या ओळीतच शोधा. ब्रिटिश मार्गदर्शिका पीएएस ९६ टीएसीसीपी, म्हणजे हेतुपुरस्सर धोक्यांचं मूल्यांकन आणि नियंत्रण, हा शब्द रुंद अर्थाने वापरते. तिच्यात पैशासाठीची भेसळ, जाणूनबुजून केलेलं दूषितीकरण, खंडणी, नकली माल, सायबर गुन्हे हे सगळे धोके एकाच छत्राखाली आहेत. अमेरिकी एफडीएचा मे २०१६ चा हेतुपुरस्सर भेसळीचा नियम, म्हणजे २१ सीएफआर भाग १२१, फक्त मोठ्या प्रमाणावर जनतेला इजा करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यांसाठी आहे. पैशासाठीची भेसळ त्या नियमात नाही. तिच्यातून आरोग्याचा धोका उद्भवत असेल तर ती भाग ११७ च्या धोका विश्लेषणात येते. बीआरसीजीएस आणि एफएसएससी २२००० या दोन्ही मानकांतही फ्रॉड आणि डिफेन्ससाठी वेगळी कलमं आहेत. ‘भाग १२१ नुसार मूल्यांकन करा’ असं विचारलं असताना ऑरेगॅनोतल्या ऑलिव्हच्या पानांच्या भेसळीवर दीड पान लिहिलंत, तर त्या दीड पानाला शून्य. उत्तर चूक म्हणून नव्हे, ते दुसऱ्याच प्रश्नाचं म्हणून.

आता केस. पेपरात येते तशी लिहिते, आकडे माझे.

एका कारखान्यात तयार सॉस बनतो. त्यात चुरलेली वाळवलेली ऑरेगॅनो लागते, ती एका दलालाकडून येते. या हंगामात मूळ प्रदेशात पीक कमी आलं, बाजारभाव चढला, तरी दलालाने जुन्याच दराने पूर्ण माल दिला. प्रत्येक लॉटसोबत विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए येतं. त्यात ओलावा, राख, बाष्पशील तेल आणि सूक्ष्मजीव एवढ्या चाचण्या असतात. बाष्पशील तेलाचं स्पेसिफिकेशन १०० ग्रॅमला किमान १.५ मिली. आधीच्या लॉटचे निकाल २.४ ते २.५ असायचे, शेवटच्या तीन लॉटचे १.६, १.६ आणि १.५. आवक तपासणीत रंग, वास आणि चाळणी बघतात. या पुरवठादाराचा एकही लॉट आजवर नाकारलेला नाही. पुढे सॉस २,००० लिटरच्या टाकीत मिसळला जातो. टाकीला वर बिजागरीचं झाकण आहे, ते साहित्य ओतण्यासाठी उघडतात आणि बहुधा उघडंच राहतं. ढवळणी चाळीस मिनिटं चालते, मग सॉस गरम होऊन भरणीला जातो. रात्रपाळीला तिथे एकच ऑपरेटर असतो. विभागाच्या दाराला कार्डचं कुलूप आहे, दाराकडे तोंड केलेला कॅमेरा आहे. (अ) ऑरेगॅनोचं फ्रॉडच्या दृष्टीने मूल्यांकन करा. (ब) मिसळण्याच्या पायरीचं भाग १२१ मधल्या तीन मूलभूत घटकांनुसार मूल्यांकन करा. (क) दोन्हींसाठी उपाय सुचवा आणि ते का परिणामकारक ठरतील ते लिहा.

(अ) भागात बहुतेक जण असं लिहितात: भेसळ ऑलिव्हच्या पानांची, ती विषारी नाहीत, तीव्रता २. पुरवठादाराचा इतिहास स्वच्छ, शक्यता २. गुणाकार ४, धोका कमी. वर्षातून एकदा सीओए तपासावं. गणित बरोबर, उत्तर साफ चूक. तीव्रता हा रकाना भेसळीची सोय मोजतच नाही. पानं निरुपद्रवी आहेत ही गोष्ट भेसळ करणाऱ्याच्या पथ्यावरच पडते. कोणी आजारी पडत नाही, तक्रार येत नाही, धंदा चालू राहतो. ज्या आकड्याने तुम्ही धोका खाली आणला, त्याच कारणाने तो वर जायला हवा होता.

एसएसएएफई या संस्थेच्या फ्रॉड-मूल्यांकनाच्या ५० प्रश्नांच्या साधनात जी विभागणी आहे ती इथे चपखल बसते: संधी, प्रेरणा आणि नियंत्रणं. साधन दुसरं वापरलंत तरी चालतं. पण या तीन बाजूंवर केसमधला पुरावा ठेवला की गुण मिळतात, नुसते ‘उच्च’ आणि ‘मध्यम’ लिहून मिळत नाहीत.

संधीबद्दल लिहायचं ते असं. माल चुरलेला आहे, त्यामुळे पानाचा आकार, शिरा, देठ यांवरून डोळ्यांनी ओळख पटत नाही. भेसळीला ऑलिव्हची किंवा मर्टलची पानं स्वस्त मिळतात, वाळून चुरली की रंगात फारसा फरक दिसत नाही. साखळीत दलाल आहे, म्हणजे माल कोणी वाळवला आणि कोणी चुरला ते कारखान्याला माहीत नाही. इतिहास हा मुद्दाही इथेच येतो, पण पुरवठादाराचा नव्हे, घटकाचा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०२१ साली मसाल्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ऑरेगॅनोच्या ४८ टक्के नमुन्यांत भेसळीचा संशय निघाला आणि त्यात बहुतेक ठिकाणी ऑलिव्हची पानं होती. तपासलेल्या मसाल्यांत हा आकडा सगळ्यात वरचा. परीक्षेत टक्केवारी आठवली नाही तरी बिघडत नाही, पण ‘या घटकाची भेसळ वारंवार सापडली आहे’ एवढं तरी लिहा.

प्रेरणेचा पुरावा केसमध्ये उघड पडलेला आहे आणि तरी निम्मे विद्यार्थी त्यावरून पुढे जातात. पीक कमी, बाजारभाव वर, आणि आपल्याला मात्र जुनाच दर आणि पूर्ण माल. याला आर्थिक विसंगती म्हणतात. काही जण ही ओळ पुरवठादाराच्या विश्वासार्हतेचं लक्षण म्हणून वापरतात! दलालाकडे जुना साठा असू शकतो, त्याने तोटा सोसून ग्राहक टिकवला असेल, हेही शक्य आहे. पण ते त्याने कागदावर दाखवायचं आहे, आपण गृहीत धरायचं नाही.

नियंत्रणांचा भाग सगळ्यात जास्त गुणांचा, कारण इथे विषय येतो की नाही ते कळतं. सीओएवरची एकेक चाचणी घ्या आणि विचारा: भेसळ झाली तर हा आकडा हलेल का? ओलावा हलणार नाही, वाळलेली पानं वाळलेलीच. सूक्ष्मजीवांचाही भेसळीशी संबंध नाही. राख माती-वाळूबद्दल सांगते, दुसऱ्या पानाबद्दल तिचं बोलणं तोकडं. उरलं बाष्पशील तेल. ते ऑलिव्हच्या पानात जवळपास नसतं, म्हणजे भेसळ वाढली की ते खाली यायला हवं. आणि ते आलंच आहे. २.५ च्या अस्सल मालात ४० टक्के दुसरी पानं मिसळली तर ६० टक्के अस्सल उरतो. २.५ गुणिले ०.६ म्हणजे बरोबर १.५. लॉट ‘पास’. स्पेसिफिकेशनची किमान मर्यादा आणि मालाचा खरा दर्जा यांत जेवढं अंतर, तेवढी जागा आपण भेसळीला मोकळी सोडली आहे. ज्या पेपरात हा गुणाकार मांडलेला दिसतो, त्याच्या (अ) भागाला मी सहसा पूर्ण गुण देते.

मात्र लगेच पुढच्या ओळीत मर्यादाही लिहा. तेल कमी होण्याची दुसरी कारणं आहेत: जुना माल, बारीक चुरा, उष्ण साठवण, वेगळी कापणी. शिवाय हुशार भेसळखोर वरून तेल फवारून आकडा सावरू शकतो. म्हणून १.५ हा निकाल भेसळीचा पुरावा नाही. तो घसरता कल आहे आणि त्याच्या जोडीला दराची विसंगती आहे. व्हल्नरेबिलिटी असेसमेंट, म्हणजे आपण कुठे कमकुवत आहोत याचं मूल्यांकन, हे आरोपपत्र नव्हे. ‘पुरवठादार भेसळ करत आहे’ असं लिहिलंत तर गुण जातील, ‘भेसळ झाली तर सध्याच्या तपासण्यांना ती दिसणार नाही’ असं लिहिलंत तर मिळतील. ‘एकही लॉट नाकारलेला नाही’ या ओळीचा समाचारही याच वाक्यात घ्यावा. जी चाचणी भेसळ बघूच शकत नाही, तिने काही न नाकारण्याला अर्थ नाही.

नुकसान शेवटी आणि वेगळं मांडा: लेबलवरचा दावा खोटा ठरतो, कायद्याचा भंग होतो, आणि बाहेरच्या पानांसोबत त्यांच्यावरचे कीटकनाशकांचे अंश येऊ शकतात. हा शेवटचा मुद्दा लिहिणारे फार थोडे. फ्रॉड करणाऱ्याला इजा करायची नसते, पण त्याने आणलेल्या पानाची वाट कोणत्या शेतातून गेली याची तो फिकीर करत नाही.

इथे जरा आडवळण घेते, कारण हाच तर्क छोट्या प्रश्नांतही विचारतात: ‘२००८ च्या मेलामाइन प्रकरणात प्रथिनांची चाचणी का फसली? हा फ्रॉड की डिफेन्स?’ चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, त्यातून बनलेल्या शिशुआहारामुळे सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख मुलं बाधित झाली. प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धत प्रथिनं मोजतच नाही. ती एकूण नायट्रोजन मोजते आणि दुधासाठी त्याला ६.३८ ने गुणते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन सुमारे ६६.६ टक्के. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन चाचणीला सव्वाचार ग्रॅम प्रथिनांसारखं दिसतं. चाचणी चुकली नाही, ती जे मोजते ते तिने बरोबर मोजलं. गुन्हेगाराने चाचणीचंच गणित वापरलं. आणि मृत्यू झाले म्हणून हा डिफेन्सचा प्रकार होत नाही. वर्गीकरण हेतूवरून होतं, परिणामावरून नाही. हेतू पाणी लपवून पैसे कमावण्याचा होता, म्हणून फ्रॉड. इथे ‘मृत्यू झाले, म्हणून फूड डिफेन्स’ असं उत्तर दर वेळी किती जण लिहितात, सांगून पटणार नाही.

आता (ब). डोकं बदला. आता पुरवठादार, दर, प्रमाणपत्र सगळं बाजूला. टाकीजवळ उभं राहायचं.

भाग १२१ मध्ये प्रत्येक पायरीसाठी तीन गोष्टी विचारतात: जनआरोग्यावर होऊ शकणारा परिणाम, उत्पादनापर्यंत प्रत्यक्ष हात पोचण्याची सोय, आणि हल्लेखोराला काम यशस्वीपणे उरकता येईल का. शिवाय आतला हल्लेखोर, म्हणजे ज्याला आत यायची रीतसर परवानगी आहे असा माणूस, गृहीत धरावाच लागतो. हे ऐच्छिक नाही. एफडीएच्या मार्गदर्शनात प्रत्येक घटकाला १, ३, ५, ८ किंवा १० असे गुण देतात.

परिणामासाठी पहिल्यांदा प्रमाण काढा. २,००० लिटर सॉस, एका वेळचं वाढप २० मिली धरलं तर १,००,००० वाढपं. एफडीएच्या मोजपट्टीत १०,००० च्या वरचा प्रत्येक आकडा सर्वात वरच्या गटात जातो, म्हणून १०. कोणतं विष, किती घातक याच्या तपशिलात शिरू नका. पेपर ते विचारत नाही आणि लिहिलंत तर ते अप्रस्तुतही आहे आणि अयोग्यही. उष्णतेबद्दल मात्र एक वाक्य हवं, कारण केसमध्ये ‘मग सॉस गरम होतो’ हा तुकडा मुद्दाम पेरलेला असतो. हॅसपच्या सवयीने हात आपोआप लिहितो: पुढे उष्णता आहे, धोका नष्ट होईल. जंतूंसाठी ठरवलेली उष्णता प्रत्येक पदार्थाला निकामी करत नाही. हल्लेखोराला प्रक्रिया माहीत असेल तर तो उष्णता टिकवून धरणारं काहीतरीच निवडेल. म्हणून पुढची पायरी या पायरीचे गुण कमी करत नाही.

हात पोचण्याची सोय: झाकण उघडं, टाकीच्या कडेला उभं राहून आत ओतता येतं. १०. इथेच दाराच्या कार्डावर आणि कॅमेऱ्यावर सगळे अडखळतात. कार्डचं कुलूप बाहेरच्याला अडवतं, आणि आपला हल्लेखोर कार्ड गळ्यात घालूनच फिरतो. कॅमेरा दार बघतो, टाकी बघत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे मूल्यांकन उपाय लागूच नाहीत असं धरून करायचं असतं. कुलूप, कॅमेरा, नियमावली यांच्या नावावर गुण कमी करायचे नाहीत. पायरीच्या मूळ रचनेत असलेली वैशिष्ट्यं मात्र मोजता येतात. समजा टाकी बंदिस्त आणि दाबाखाली असती, उघडली तर सॉस अंगावर उसळला असता, तर ती तिची रचनाच आहे आणि गुण कमी देणं योग्य ठरलं असतं. झाकणावरचं कुलूप ही रचना नव्हे, तो उपाय. एका कारखान्यात मला असं कुलूप कौतुकाने दाखवलं होतं. किल्ली त्याच टाकीच्या पायाला सुतळीने बांधलेली होती, रात्री शोधाशोध नको म्हणून. माणसाच्या सोयीनुसार जे बदलतं ते रचनेत मोडत नाही, हा फरक मला त्या सुतळीने कायमचा शिकवला.

यशाची शक्यता: रात्री एकच माणूस, ढवळणी चाळीस मिनिटं, म्हणजे वेळ आहे, एकांत आहे आणि टाकलेलं काहीही एकजीव होणार आहे. दिवसा लोक ये-जा करतात म्हणून ८ द्यायचे की रात्रीचा विचार करून १०, यावर वाद होऊ शकतो. मी ८ दिले तरी चालतील म्हणते, पण कारण हवं. उदाहरणार्थ: ‘आतल्या माणसाला संशय न येता टाकीजवळ थांबता येतं, पण साहित्य ओतण्याची वेळ ठरावीक असल्याने इतर वेळी झाकणाजवळचं रेंगाळणं नजरेत येऊ शकतं.’ बेरीज २८, कमाल ३०. ही कारवाईयोग्य पायरी, म्हणजे जिथे उपाय लावलाच पाहिजे अशी, आणि ती का, हे आकड्यासोबत शब्दांतही लिहायचं.

काही पेपरांत गुणपद्धतीऐवजी प्रमुख कृतिप्रकारांची पद्धत चालते. तिच्यात चार प्रकार आहेत: द्रव मालाची मोठ्या प्रमाणावर आवक-जावक, द्रवाची साठवण आणि हाताळणी, दुय्यम घटकांची हाताळणी, आणि मिसळणं किंवा तत्सम कृती. आपली पायरी चौथ्या प्रकारात सरळ बसते, गुण न मोजताही ती कारवाईयोग्य ठरते. प्रश्नात ‘तीन घटकांनुसार’ असं म्हटलं असेल तर हा आडमार्ग घेऊ नका. म्हटलं नसेल तर वेळ वाचतो.

(क) मध्ये उपायांची जंत्री लिहून कोणी पास होत नाही. प्रत्येक उपायाला विचारायचं: हा नक्की कुठली बाजू कमकुवत करतो?

ऑरेगॅनोसाठी ‘पुरवठादाराचं ऑडिट करावं’ हे ठोकळेबाज उत्तर. दलालाच्या कार्यालयाचं ऑडिट करून चुरा कुठे झाला ते कळणार नाही. त्यापेक्षा चुरलेल्याऐवजी अख्खं पान घेऊन कारखान्यात चुरणं चांगलं, त्याने संधीच आकसते, कारण अख्ख्या पानात परकी पानं डोळ्यांनी आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. ते जमणार नसेल तर प्रत्येक लॉटची इन्फ्रारेड वर्णपटाने, म्हणजे एफटीआयआरने चाळणी, आणि संशयित लॉटची एलसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री. नमुना कारखान्यात उतरलेल्या पोत्यांतून, आपल्या माणसाने काढलेला. मालाआधी कुरियरने येणारा नमुना नेहमीच सुंदर असतो! त्यासोबत दलालाकडून एका लॉटचा माग आणि वस्तुमानाचा ताळेबंद मागायचा: किती माल घेतला, किती विकला. विकलेला घेतलेल्यापेक्षा जास्त निघाला तर प्रयोगशाळेची गरजच उरत नाही. आणि स्पेसिफिकेशनमध्ये बाष्पशील तेलाची किमान मर्यादा वर आणायची, शिवाय निकाल नेहमीच्या पट्ट्यातून घसरला तर पास असूनही चौकशी करायची. यातल्या एकालाही सीसीपी, म्हणजे हॅसपमधला क्रांतिक नियंत्रण बिंदू, म्हणू नका. सीसीपीला क्रांतिक मर्यादा आणि जवळपास तत्काळ देखरेख लागते, इथे दोन्ही नाही.

टाकीसाठी झाकण बंद राहण्याची सोय आणि क्रमांकाचं, तोडल्याशिवाय न निघणारं सील. साहित्य ओतताना दोन माणसं. त्या विभागात त्या पाळीला ज्यांचं काम आहे त्यांनाच प्रवेश. पहिला उपाय हात पोचण्याची सोय कमी करतो, दुसरा यशाची शक्यता, तिसरा संभाव्य हल्लेखोरांची संख्या. परिणामाचा घटक टाकी लहान केल्याशिवाय हलत नाही, हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला मी एक गुण जास्त देते. मग प्रत्येक उपायाची देखरेख, दुरुस्तीची कृती आणि पडताळणी. ‘सील तपासावं’ एवढ्याने भागत नाही. असं लिहा: ‘ओतणं संपल्यावर ऑपरेटर सील लावून क्रमांक बॅच नोंदीत लिहील, भरणीआधी पर्यवेक्षक तोच क्रमांक बघून सही करेल. क्रमांक जुळला नाही किंवा सील तुटलेलं असलं तर बॅच रोखून ठेवून फूड डिफेन्स प्रमुखाला कळवायचं. आठवड्याने नोंदी पडताळायच्या.’ रात्रपाळीला दुसरा माणूसच नसेल तर दोन माणसांचा नियम कागदावरच राहणार, म्हणून त्या पाळीला ओतण्याचं काम ठेवायचं नाही, हेही त्याच उत्तरात यायला हवं. केसमध्ये ‘एकच ऑपरेटर’ लिहिलं आहे आणि उपायात दोन माणसं उभी केली आहेत, ही विसंगती परीक्षक पहिल्या नजरेत पकडतो.

शेवटी फेरविचार कधी, हे दोन-तीन गुणांचं उपकलम असतं. डिफेन्स योजनेचं पुनर्विश्लेषण भाग १२१ मध्ये किमान दर तीन वर्षांनी, आणि प्रक्रियेत मोठा बदल झाला किंवा उपाय नीट लागू नसल्याचं दिसलं तर लगेच. फ्रॉडचं मूल्यांकन वर्षातून एकदा तरी बघतात, पण फेरविचाराचं खरं निमित्त घटनेचं: पीक बुडालं, भाव उडाला, दलाल बदलला, त्याच घटकाची भेसळ कुठे तरी पकडली गेली. आपल्या केसमध्ये भाव चढला त्या आठवड्यातच ऑरेगॅनोची फाइल पुन्हा उघडायला हवी होती, आणि ‘मूल्यांकन वेळेवर झालं नाही’ हा दोष (अ) मध्येच नोंदवला तर त्याचे गुण वेगळे मिळतात.